पेटंटचा दावा मराठीत आणला की ‘ती’ म्हणजे नेमकी कोण, हेच कळत नाही

पेटंटच्या मराठी भाषांतराबद्दलची तक्रार नेहमी एकाच स्वरूपात येते. वर्णनाचा भाग, म्हणजे पार्श्वभूमी, आकृत्यांची ओळख, सविस्तर माहिती, हे सगळं मराठीत नीट उतरतं. वाचणारा मान डोलावतो. मग शेवटची दोन पानं येतात, दाव्यांची, आणि तिथे मराठी वाक्य एक तर श्वास लागेल इतकं लांबतं, नाहीतर वाचायला सोपं होतं पण मूळ दाव्याएवढं उरत नाही. पहिला प्रकार निदान दिसतो तरी. दुसरा दिसत नाही, म्हणून तो वाईट.

भारतात पेटंट कार्यालयात अर्ज इंग्रजी किंवा हिंदीत चालतो, त्यामुळे मराठी भाषांतर दाखल करण्यासाठी सहसा लागत नाही. ते लागतं करारासाठी, न्यायालयातल्या कागदांसाठी, किंवा ज्याला ते यंत्र प्रत्यक्ष बनवायचं आहे त्याला ‘नेमकं कशावर हक्क आहे’ हे समजावं म्हणून. म्हणजे वाचणाऱ्याच्या पुढ्यात बहुतेक वेळा मराठी मजकूरच असतो, मूळ नसतं. पेटंट कायदा, १९७० च्या कलम १० प्रमाणे संपूर्ण विनिर्देशाचा, म्हणजे शोधाची पूर्ण माहिती देणाऱ्या दस्तऐवजाचा, शेवट दाव्यांनी होतो आणि संरक्षणाची व्याप्ती तेच ठरवतात. वर्णनात एखादा शब्द सैल पडला तर पुढचं वाक्य सांभाळून घेतं. दाव्यात तशी सोय नाही.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण इथे उलगडून दाखवतो. तपशील बदलले आहेत, पण चुका जशाच्या तशा आहेत.

उपकरण साधं होतं. एक कवच, त्याला पाणी आत यायचा आणि बाहेर जायचा मार्ग, आत काढता-घालता येणारी गाळणी, आणि गाळणी व बाहेरचा मार्ग यांच्या मधे एक झडप. गाळणीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक ठरवलेल्या मूल्याच्या वर गेला की झडप बंद व्हायची. पहिला दावा मी पहिल्या खेपेला असा लिहिला होता:

> १. प्रवेशमार्ग (14) व निर्गममार्ग (16) असलेल्या कवचाने (12), कवचात काढता येईल अशा रीतीने बसवलेल्या गाळणीने (18) आणि गाळणी व निर्गममार्ग यांच्यामधील झडपेने (20) बनलेले द्रव गाळण्याचे उपकरण (10), ज्यात गाळणीवरील दाबाचा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास ती बंद होते.

वाचायला वाईट नाही. मराठीला साजेसं आहे, विशेषणं आधी, नाम शेवटी. मी मूळ शेजारी ठेवून दोनदा तपासलं आणि मला काही खटकलं नाही. खटकणार कसं? मूळ डोळ्यांसमोर असलं की आपण मराठी वाचतच नाही, इंग्रजीच वाचतो.

मग एका सहकाऱ्याला फक्त हा परिच्छेद दिला, आकृती न दाखवता, आणि म्हटलं, ‘कागदावर चित्र काढ.’ त्याने कवच काढलं, गाळणी काढली, झडप काढली, आणि खाली लिहिलं: दाब वाढला की गाळणी बंद. मी म्हटलं, ‘अरे, गाळणी कशी बंद होईल?’ तो म्हणाला, ‘तुंबते ना! गाळणी तुंबली की बंदच झाली म्हणायची.’

त्याचं बरोबर होतं. ‘गाळणी’ स्त्रीलिंगी, ‘झडप’ही स्त्रीलिंगी. ‘ती बंद होते’ मधली ‘ती’ दोघींनाही लागू पडते. वर जवळचं नाम गाळणी, त्यामुळे वाचणारा तिच्याकडेच जातो. आणि घात असा की तो चुकीचा अर्थ तांत्रिकदृष्ट्या पटण्याजोगा आहे, कारण गाळणी तुंबली की दाबाचा फरक खरोखरच वाढतो. अर्थ विचित्र निघाला असता तर कोणीतरी विचारलं असतं. हा निघाला शहाणा, म्हणून कोणी विचारणार नव्हतं. आणि या वाचनाप्रमाणे झडप कधी बंद होते हे दाव्यात कुठेच उरत नाही. म्हणजे नेमकी जी गोष्ट नवीन म्हणून मागितली होती तीच गायब.

सर्वनामं काढून टाका, पण नाम निवडताना लिंगही बघा

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: ‘ती’ काढा, ‘झडप’ लिहा. तेवढ्याने हे वाक्य सुटतं. पण दाव्यात सर्वनामं फक्त ‘तो-ती-ते’ या रूपात येत नाहीत. ‘ज्यात’, ‘जिच्या’, ‘बसवलेली’, ‘जोडलेली’ ही सगळी रूपं लिंग-वचनावरून कोणाशी तरी नातं सांगत असतात. ‘कवचाला जोडलेली गाळणी व झडप’ यात जोडलेली कोण? दोन्ही की एकच? प्रत्येक ठिकाणी नाव पुन्हा लिहून हे टळत नाही.

म्हणून शब्दसूची करतानाच मी आता एक रकाना लिंगाचा ठेवतो. जे दोन घटक दाव्यात शेजारी शेजारी वावरतात, त्यांची लिंगं शक्य तिथे वेगळी पडतील असे शब्द निवडतो. इथे ‘गाळणी’ऐवजी ‘गाळणी-घटक’ घेतला. मुळातही नुसती गाळणी नव्हती, ‘फिल्टर एलिमेंट’ होतं, त्यामुळे हा शब्द जास्त प्रामाणिकही आहे. ‘घटक’ पुल्लिंगी, ‘झडप’ स्त्रीलिंगी, ‘कवच’ नपुंसकलिंगी. आता ‘बसवलेला’ म्हटलं की घटक, ‘ठेवलेली’ म्हटलं की झडप. मराठीला तीन लिंगं आहेत आणि शिकणाऱ्याला ती छळतात. दाव्याच्या भाषांतरात मात्र ती फुकटची मदत आहे, इंग्रजीकडे ती नाहीच.

शब्दसूचीत आणखी एक गोष्ट बघायची: सामान्यरूप. ‘झडप’ची ‘झडपेला, झडपेच्या’ होते, ‘कवच’ची ‘कवचाला’. सुरुवात बदलत नाही, म्हणून फाइलमध्ये ‘झडप’ शोधलं की सगळ्या सापडतात. ‘दांडा’ निवडला तर ‘दांड्याला’ होतो, ‘पाते’चं ‘पात्याला’ होतं, आणि ‘दांडा’ शोधून ‘दांड्याच्या’ मिळत नाही. शेवटी तपासणी शोधूनच करायची असते. तेव्हा दोन शब्द सारखेच चांगले असतील तर व्यंजनान्त असेल तो घ्यावा. आणि एकदा घेतला की विनिर्देशभर तोच. वर्णनात ‘गाळक’, सारांशात ‘फिल्टर’, दाव्यात ‘गाळणी-घटक’ असं झालं तर वाचणारा म्हणणार, या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्याला तसं म्हणण्याचा हक्क आहे. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा वापरू नये असं शिकवतात. ती सवय इथे दारातच सोडायची.

‘एक’ आणि ‘सदर’: आटपाट नगराचा नियम

इंग्रजी दाव्याचा कणा म्हणजे ‘अ’ आणि ‘द’ किंवा ‘सेड’. घटक पहिल्यांदा आला की ‘अ व्हॉल्व्ह’, त्यानंतर दर वेळी ‘द व्हॉल्व्ह’. मागे ज्याची ओळख करून दिली तोच हा, असं ‘द’ सांगतो. पेटंटवाले याला ‘अँटिसिडंट बेसिस’ म्हणतात, आपण पूर्वाधार म्हणू. मराठीत उपपदं नाहीत, म्हणून पहिल्या खेपेत मी सरसकट नुसतं नाम ठेवलं: ‘कवचात बसवलेल्या’. कुठल्या कवचात? आधीच्याच, की आणखी एखाद्या? व्यवहारात कळतं. दाव्यात ‘कळतं’ पुरत नाही.

पण मराठीला ही रीत परकी आहे असं मात्र नाही. कहाणी आठवा: ‘आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्यांदा ‘एक राजा’, पुढे ‘त्या राजाला’. पूर्वाधार याहून वेगळा काय असतो! आणि ‘एक राजा’ ऐकून त्या नगरात नेमका एकच राजा होता का, हे कोणी मोजत बसत नाही. ‘एक’ तिथे संख्या नसून ओळख आहे.

मी हाच नियम घेतला आहे. पहिल्यांदा ‘एक झडप’, पुढे दर वेळी ‘सदर झडप’. ‘ती झडप’ न घेता ‘सदर’ घेण्याचं कारण साधं आहे. ‘ती’ची ‘त्या’ होते, ‘तिच्या’ होते, आणि ‘त्या’ हे रूप अनेकवचनातही जातं. ‘सदर’ला काही होत नाही: सदर झडप, सदर झडपेला, सदर झडपांच्या. सरकारी मराठीत तो इतका रुळला आहे की वाचणाऱ्याला दचकवत नाही. ‘उक्त’ही चालेल, पण दोन्ही मिसळू नका. मूळ लेखकाने कधी ‘द’ कधी ‘सेड’ लिहिलं असेल, तरी त्या दोहोंत फरक नसतो. मराठीत दोन शब्द केले की वाचणारा फरक शोधायला लागतो.

एक अडचण उरते, ती लपवण्यात अर्थ नाही. ‘एक’ला कोणी संख्या समजलं तर? ‘कम्प्रायझिंग’ हा घटकांची यादी उघडी ठेवणारा शब्द असलेल्या दाव्यात ‘अ व्हॉल्व्ह’ म्हणजे साधारणपणे ‘निदान एक तरी’ असं धरतात, दोन झडपा असलेलं उपकरण त्यातून सुटत नाही. मराठी ‘एक’ मुद्दाम ताणला तर सुटू शकतं. म्हणून भाषांतराच्या सुरुवातीला, दाव्यांच्या बाहेर, भाषांतरकाराची एक टीप देतो: ‘एक’ हा शब्द घटकाचा प्रथम उल्लेख दाखवतो, संख्या नव्हे, जिथे संख्या अभिप्रेत आहे तिथे ‘किमान एक’, ‘एकच’ किंवा ‘नेमके दोन’ असे लिहिले आहे. दाव्याच्या आत मात्र स्वतःहून ‘किमान’ घालत नाही. मूळ लेखकाने ‘ॲट लीस्ट वन’ लिहायचं की नाही हे ठरवून लिहिलेलं असतं. दोन्हीचं मराठी एकच केलं तर त्याने ठेवलेला फरक आपण पुसला.

याच जातीचा एक छोटा सापळा ‘सेकंड’चा. ‘अ फर्स्ट व्हॉल्व्ह अँड अ सेकंड व्हॉल्व्ह’ यांचं ‘पहिली झडप आणि दुसरी झडप’ केलं की ‘दुसरी’चे दोन अर्थ होतात: क्रमाने दोन नंबरची, आणि ‘वेगळी कुठलीतरी’. ‘दुसऱ्या झडपेला जोडलेली’ हे अगदी सहज ‘अन्य एका झडपेला’ असं वाचलं जातं. इथे ‘प्रथम झडप’, ‘द्वितीय झडप’ असं जरा जड लिहावं, आणि ‘अनदर’साठी ‘आणखी एक’ राखून ठेवावं.

‘बनलेले’ हा शब्द दार बंद करतो

पहिल्या खेपेतली सगळ्यांत महाग पडली असती अशी चूक ‘ती’ नव्हती. ती ‘बनलेले’ होती, आणि चित्र काढणाऱ्या सहकाऱ्यालाही ती दिसली नाही, कारण चित्रात ती दिसतच नाही.

‘कम्प्रायझिंग’ म्हणजे हे घटक असलेच पाहिजेत, आणखी असले तरी हरकत नाही. ‘कन्सिस्टिंग ऑफ’ म्हणजे एवढेच, आणखी नाहीत. तिसरा एक आहे, ‘कन्सिस्टिंग इसेन्शियली ऑफ’, तो या दोन्हींच्या मधला: मूळ गुणधर्म बदलणार नाहीत अशी भर चालते. रसायनांच्या दाव्यांत तो जास्त भेटतो. आता ‘कवच, गाळणी आणि झडप यांनी बनलेले उपकरण’ हे मराठीत ऐका. पोळी कशाची बनते? पिठाची. यादी पूर्ण झाल्यासारखं वाटतं ना? कोणी या तिन्हींना एक दाबदर्शक जोडून यंत्र विकलं, तर तो म्हणणार, माझं उपकरण चार गोष्टींनी बनलेलं आहे, तुमचा दावा तिघांचा.

ही चूक ओळखायला एक चांगली खूण आहे. त्याच विनिर्देशातले अवलंबी दावे, म्हणजे आधीच्या एखाद्या दाव्यावर आधारलेले दावे, बघा. चौथा दावा म्हणत होता: दावा १ मध्ये सांगितलेले उपकरण, ज्यात याशिवाय एका दर्शकाचा (26) समावेश आहे. पहिल्यात ‘एवढ्यांनीच बनलेले’ आणि चौथ्यात ‘याशिवाय आणखी’ हे एकत्र नांदू शकत नाही. अवलंबी दावा जर घटक वाढवत असेल, तर मुख्य दावा बंद असणं शक्यच नाही. भाषांतर स्वतःविरुद्ध साक्ष देत असतं, फक्त दोन्ही दावे शेजारी ठेवून वाचावे लागतात.

मी ठरवलेले शब्द असे: उघड्यासाठी ‘ज्यात पुढील घटकांचा समावेश आहे’, बंदसाठी ‘केवळ पुढील घटकांनीच बनलेले’, मधल्यासाठी ‘मूलतः पुढील घटकांनी बनलेले’ आणि सोबत भाषांतरकाराची टीप, कारण ‘मूलतः’ एकटा ते ओझं पेलत नाही. ‘हॅविंग’ला ‘असलेला’ पुरतो, तो दार सहसा उघडंच ठेवतो.

वाक्य एकच ठेवा, पण नाम पुढे आणा

दावा एका वाक्यात लिहायचा हा रिवाज आहे, आणि तो तोडून तीन-चार वाक्यं करण्याचा मोह प्रत्येक मराठी भाषांतरकाराला होतो. मलाही होतो. अडचण अशी की पूर्णविराम आला की पुढचं वाक्य त्याच उपकरणाबद्दल आहे की एखादी वेगळी माहिती आहे, ही शंका येते. वाक्य न तोडता ते वाचनीय करायचं असेल तर विशेषणांचा डोंगर नामाआधी रचू नये. नाम पहिलं, मग ‘ज्यात’, मग अर्धविरामांनी तोडलेले घटक. प्रत्येक घटकाची माहिती त्याच्या लगेच मागे, ‘जो-जी-जे’ने. ‘व्हेअरइन’साठी मात्र शेवटी लोंबकळणारं ‘ज्यात’ वापरू नये. ते कशाला चिकटेल याचा भरवसा नाही. तिथे ‘आणि’ लिहून कर्ता पुन्हा सांगावा. हे सगळं लावून दावा असा झाला:

> १. द्रव गाळण्याचे उपकरण (10), ज्यात पुढील घटकांचा समावेश आहे:
> एक कवच (12), ज्याला एक प्रवेशमार्ग (14) आणि एक निर्गममार्ग (16) आहे;
> एक गाळणी-घटक (18), जो सदर कवचाच्या (12) आत, बाहेर काढता येईल असा बसवलेला आहे, आणि
> एक झडप (20), जी सदर गाळणी-घटक (18) व सदर निर्गममार्ग (16) यांच्या दरम्यान ठेवलेली आहे;
> आणि सदर झडप (20) अशी रचलेली आहे, की सदर गाळणी-घटकाच्या (18) अलीकडील व पलीकडील दाबांमधील फरक एका पूर्वनिर्धारित मूल्यापेक्षा जास्त झाल्यावर सदर झडप (20) बंद होते.

सुंदर नाही, पण घट्ट आहे. तीन गोष्टी जाता जाता बदलल्या. ‘कवचात काढता येईल’ यात काढायचं कुठे हे धूसर होतं, म्हणून ‘आत, बाहेर काढता येईल असा’. ‘गाळणीवरील दाबाचा फरक’ म्हणजे गाळणीवर पडणारा दाब आधी किती आणि आता किती, असाही अर्थ निघतो. मुळात होता तो दोन बाजूंमधला फरक. आणि ‘ठरावीक मर्यादा’ ऐवजी ‘पूर्वनिर्धारित मूल्य’, कारण ‘ठरावीक’ म्हणजे नेहमीचा, सगळ्यांना ठाऊक असलेला, असंही होतं. कंसातले आकडे मुद्दाम आकृतीत छापलेत तसेच ठेवले आहेत, देवनागरी केले नाहीत. बोट ठेवून शोधणाऱ्याला तेच चिन्ह सापडलं पाहिजे.

तपासणी, आणि जिथे हात लावायचा नाही ती जागा

तपासताना मी दाव्यांची छापील प्रत घेतो आणि प्रत्येक ‘सदर’पासून मागे, त्याच्या ‘एक’पर्यंत पेन्सिलने रेघ ओढतो. रेघ पोचली पाहिजे, आणि एकाच ठिकाणी पोचली पाहिजे. अवलंबी दाव्यात रेघ तो ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच दाव्यातून मागे जाऊ शकते, भलत्या दाव्यातून नाही.

या प्रकरणात चौथ्या दाव्यात रेघ पोचेना. तिथे लिहिलं होतं, दर्शक (26) ‘सदर स्प्रिंगला’ (22) जोडलेला आहे. स्प्रिंग पहिल्यांदा आली दुसऱ्या दाव्यात, आणि चौथा दावा अवलंबून होता पहिल्यावर. पहिल्यात स्प्रिंगच नाही. मी घाबरून माझी प्रत चाळली, मग मूळ बघितलं. चूक मुळातच होती.

अशा वेळी ‘एका स्प्रिंगला’ लिहून देण्याचा मोह होतो, वाक्य लगेच सुरळीत होतं. करू नये. चौथा दावा दुसऱ्यावर अवलंबून असायचा होता की स्प्रिंगचा उल्लेख नवा करायचा होता, हे ठरवणं दावा लिहिणाऱ्याचं काम आहे, आणि दोन्ही उत्तरांनी व्याप्ती वेगळी होते. मी ‘सदर स्प्रिंगला (22)’ तसंच ठेवलं आणि स्वतंत्र कागदावर लिहिलं: दावा ४, मूळ पाठात पूर्वाधार नाही, स्प्रिंगचा प्रथम उल्लेख दावा २ मध्ये, भाषांतरात बदल केलेला नाही. चार दिवसांनी काम देणाऱ्याकडून एका ओळीचं उत्तर आलं, की हे त्यांच्याकडे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि दावा ४ तसाच राहू द्यावा, ते मूळ लिहिणाऱ्याशी बोलत आहेत.